शेऱ्याच्या कागदावरची तारीख

आमच्या उंद्रीकडे सोयाबीन विकलं की विम्याचा हप्ता भरणारी घरं पुष्कळ. पॉलिसीची पिशवी मात्र पेटीतच राहते. मागे एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो असता त्यांनी एक कागद पुढे केला. "साहेब, नॉमिनी बदलला. आता काळजी नाही ना?"

लग्नाआधी 2009 साली घेतलेल्या पॉलिसीत आईचं नाव होतं. आता ते काढून पत्नीचं लावायचं होतं. कागद म्हणजे पृष्ठांकन, अर्थात पॉलिसीवरचा बदलाचा शेरा. मी म्हटलं, "दादा, आधी मूळ पॉलिसी आणा. शेरा एकटा वाचायचा नसतो."

दोन्ही कागद शेजारी ठेवले. पॉलिसी क्रमांक जुळला. आईचं नाव रद्द, पत्नीचं नाव दाखल, नातं पत्नी. इथवर ठीक. पण नाव माहेरचं होतं आणि आधार कार्डावर सासरचं. उद्या पैसे मागायला गेल्यावर ही दोन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करत वहिनींना हिंडावं लागलं असतं.

मग तारखा पाहिल्या. अर्ज 12 जून 2023 चा, नोंद 3 जुलैची. दादा जून धरून बसले होते. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 39 सांगतं की असा बदल कंपनीला कळवून तिच्या दप्तरी नोंदला गेला पाहिजे. लेखी सूचना कंपनीत पोचण्याआधी तिने जुन्या नॉमिनीला सरळ मनाने पैसे दिले, तर तिच्यावर पुन्हा जबाबदारी येत नाही. म्हणून अर्ज लिहिल्याची तारीख कामाची नाही. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का कधीचा आणि नोंद कधीची, ते बघायचं. शेरा येईपर्यंत ती शिक्क्याची प्रत जपायची. एजंटाच्या हाती अर्ज दिला, एवढ्याने पोच होत नाही.

"आईला पैसे मिळाले असते तरी तिने सुनेला दिलेच असते," दादा म्हणाले. दिलेही असते. पण 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असली, तर सामान्यपणे ती रक्कम त्यांच्याच मालकीची होते. मग देणं न देणं आईच्या मर्जीवर.

एवढ्यात वहिनींनी पेटीतून दुसरी पॉलिसी काढली. तिच्यावर आईचंच नाव! अर्जात एकाच पॉलिसीचा क्रमांक लिहिला होता, म्हणून शेराही एकाच पॉलिसीपुरता. पत्ता बदलल्याचा एक जुना शेराही त्या पिशवीत निघाला. त्याने फक्त पत्र येण्याचं ठिकाण बदललं होतं, नॉमिनीला तो शिवतही नाही.

दुसऱ्या पॉलिसीचा अर्ज आणि नावाची दुरुस्ती, असे दोन कागद आम्ही तिथेच लिहिले. प्रत्येकाची एक जादा प्रत केली, शिक्का मारून आणायला.