घरच्या केकचा पडता भाव

कापसाच्या गाठीचा किंवा डाळीच्या पोत्याचा पडता भाव आपल्या घरांत तोंडपाठ असतो. घरी केक करून विकणाऱ्या भगिनी मात्र बहुधा 'सामानाच्या दुप्पट' अशी सोपी रीत धरतात. ही रीत कोठे फसते, हे वर्ध्यातील एक किलोच्या अननसाच्या केकवरून पाहू. दर हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. प्रत्येकीने आपल्या बिलातील घालावेत.

आपल्या केकमध्ये अंडे नाही; त्याचे काम बरेचसे आटवलेले गोड दूध करते. म्हणून मैदा अवघा सहा रुपयांचा, तर अर्धा डबा दूध पंचाहत्तरचे. लोणी, क्रीम, अननस व इतर जिन्नस धरून सामान २४० रुपयांचे होते. उरलेला अर्धा डबा चार-पाच दिवसांत दुसऱ्या केकला लागणार नसेल, तर पूर्ण डबा याच केकच्या खाती लिहावा.

ओव्हन, मिक्सर व फ्रिज मिळून दीड युनिट वीज लागते. घरगुती बिलात वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि ओव्हनचे युनिट त्या टप्प्यात पडतात. म्हणून सरासरी दर न धरता वरचा दर, समजा १२ रुपये, धरावा. वीज १८ रुपये. खोका, पुठ्ठा, फीत यांचे ४५. दहांत एक केक बिघडतो असे धरून सामानावर २४ रुपये आणि १२,००० रुपयांचा ओव्हन ६०० केक चालेल या हिशेबाने झिजेचे २०. येथवर ३४७ रुपये झाले.

आता मजुरी. केक ओव्हनमध्ये असतो तो वेळ मोजू नये. फेटणे, सजावट, भांडी, सामान आणणे असे हाताचे अडीच तास मोजावेत. हेच काम पगारी माणसाकडून करून घेतले असते तर जो दर द्यावा लागला असता, तो आपला दर. तो ताशी ८० धरल्यास मजुरी २०० रुपये. एकूण ५४७, त्यावर दहा टक्के नफा, म्हणजे भाव सुमारे ६०० रुपये. दुपटीच्या रीतीने ४८० येतात. त्यांतून ३४७ वजा जाता १३३ उरतात. म्हणजे ताशी जेमतेम ५३ रुपये मजुरी पडते आणि नफा शून्य.

खरी मेख अर्ध्या किलोत आहे. गिऱ्हाईक निम्मा, तीनशेचा भाव मागते. सामान निम्मे, १२० रुपये होते. पण वीज १४, खोका ३५, बिघाड व झीज ३२ राहतात आणि हाताला दोन तास लागतातच, त्याचे १६०. बेरीज ३६१, नफ्यासह सुमारे ४००. तीनशेला दिला तर प्रत्येक केकमागे ६१ रुपये आपल्या मजुरीतूनच जातात. म्हणून भावफलकावर दोन्ही वजनांचे भाव स्वतंत्र लिहावेत.