यात्रेचा हिशेब : कोणाचे येणे, कोणाचे देणे

यवतमाळहून दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर करीत सातपुड्यातील मुक्तागिरीकडे जाणारी वाट बरीचशी जुन्या शकुंतला रेल्वेचीच वाट आहे. मूर्तिजापुरात गाडी बदलून त्या छोट्या रेल्वेने अचलपूर गाठता येई आणि प्रत्येक जण आपले तिकीट आपण काढी. आता चार घरे मिळून एक गाडी करतात. कोणी डिझेल भरतो, कोणी खोल्यांची पावती फाडतो, आणि परतल्यावर ‘राहू द्या हो, बघू नंतर’ यातच हिशेब विरतो. दुकानाचा रोजमेळ पैशाला पैसा जुळवणारी माणसेही यात्रेच्या हिशेबात संकोचतात. या संकोचाचा भार बहुधा सर्वांत लहान घरावर पडतो.

एक उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होते. समजा, यवतमाळचे चार, दारव्ह्याचे वृद्ध पतिपत्नी, दिग्रसचे पाच आणि नेरचे तीन अशी चौदा माणसे निघाली. गाडीभाड्याचे 14,000 रुपये यवतमाळकरांनी दिले. धर्मशाळेत 800 रुपयांप्रमाणे पाच खोल्या घेतल्या. त्यांत दोन दिग्रसकरांच्या. त्यांचे 4,000 आणि अनामत 1,000 असे 5,000 दिग्रसकरांनी भरले. भोजनाचे 2,400 दारव्हेकरांनी, तर चालकाचा भत्ता व पथकर मिळून 2,100 नेरकरांनी दिले. निघताना अनामत परत मिळाली, ती नेरकरांच्या हाती आली.

एकूण खर्च 22,500. त्याचे चार सरळ भाग केले तर प्रत्येक घरावर 5,625 येतात. पण गाडी माणशी वापरली गेली, खोली घराप्रमाणे घेतली गेली, आणि भोजन जेवणाऱ्यानेच केले. दारव्ह्याच्या आजींचा व नेरच्या एका बहिणीचा उपवास होता. म्हणून भोजन बारांत वाटायचे, माणशी 200. गाडी माणशी 1,000 आणि भत्ता-पथकर माणशी 150. खर्च टिपताना ‘कोणी दिले’ याच्या शेजारीच ‘कोणासाठी’ हा रकाना ठेवला, तरच हे भेद टिकतात.

| घर | दिले | वाटा | येणे (+) / देणे (−) |
|---|---|---|---|
| यवतमाळ | 14,000 | 6,200 | +7,800 |
| दारव्हा | 2,400 | 3,300 | −900 |
| दिग्रस | 5,000 | 8,350 | −3,350 |
| नेर | 1,100 | 4,650 | −3,550 |

नेरकरांनी 2,100 दिले, पण अनामतीचे 1,000 त्यांच्याकडे आले. म्हणून त्यांच्या नावे 1,100 राहिले. सरळ चार भागांत दारव्ह्याच्या वृद्धांना 2,325 रुपये अधिक भरावे लागले असते, आणि त्यांनी ते न बोलता भरलेही असते. कदाचित पुढच्या यात्रेला मात्र ‘गुडघे दुखतात’ म्हणून ते घरीच राहिले असते.

शेवटच्या रकान्याची बेरीज शून्य यायलाच हवी. ती आली नाही, तर कोठेतरी आकडा चुकला आहे. मात्र शून्य आले म्हणजे हिशेब खरा, असे नाही. अनामत खर्चात धरली आणि परत आलेली रक्कम टिपायची राहिली, तरीही बेरीज शून्यच येईल. फक्त खोल्या 5,000 च्या दिसतील आणि नेरकरांकडचे हजार कोणाच्याच ध्यानात येणार नाहीत. ही चूक तक्ता दाखवीत नाही, पावती दाखवते. म्हणून अनामत वेगळ्या ओळीत लिहावी, ती परत घेणाऱ्याचे नाव तेथेच टिपावे आणि पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात.

दान या तक्त्यात येत नाही. एखाद्याने भावनेच्या भरात बोली घेतली, तर ती त्याची. ती सर्वांत वाटली की ज्याने संकल्प केला नाही त्याच्याकडून वसुली होते, आणि ज्याने केला त्याचे दान अपुरे राहते. जवळ रोख नसल्याने दुसऱ्याने त्याच्या वतीने रक्कम भरली असेल, तर ती त्या दोघांमधील उसनवारी आहे. ती वेगळी लिहून वेगळी फेडावी.

प्रत्येक खर्च सुटा चुकता करायचा म्हटले, तर चार खर्चांपायी बारा देवघेवी होतील. तक्त्यामुळे तीनच उरतात: दारव्हा, दिग्रस व नेर यांनी यवतमाळकरांना अनुक्रमे 900, 3,350 आणि 3,550 रुपये द्यायचे. यात्रेची चौदा माणसे पांगण्यापूर्वी, परतीच्या वाटेवर कारंजाला गाडी थांबते तेवढ्या वेळात हा तक्ता मोठ्याने वाचून दाखवता येतो. कोणाचे काही राहिले असेल, तर ते तेव्हाच आठवते. दहा दिवसांनी फोन करून विचारायला मात्र कोणाचीच जीभ रेटत नाही.