फिसकटलेला अंक बरा, बदललेला नको

किन्हीराजासारख्या गावात जमिनीच्या कागदांची झेरॉक्स मागे पडून आता स्कॅन मागितला जातो. पीककर्ज असो, वारसाची नोंद असो की मालेगावच्या तहसीलमधलं काम, सातबारा, आठ-अ आणि फेरफाराच्या पीडीएफ पुढे जातात आणि मूळ कागद घरच्या पेटीत राहतो. या पीडीएफ कशा बनतात याचा मी बराच विचार केला आहे. माझं म्हणणं एवढंच, की अंक असलेला कागद स्कॅन करताना फाइल लहान करण्याची एक विशिष्ट पद्धत कधीही वापरू नये. तिची चूक डोळ्याला चूक म्हणून दिसतच नाही.

याचा पुरावा जर्मनीतून आला. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रांवर स्कॅन झालेला एक बांधकाम नकाशा तपासला. मूळ नकाशात तीन खोल्यांचं क्षेत्रफळ 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर होतं. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या 14.13 झाल्या होत्या, आणि अक्षरं मात्र स्वच्छ, कुठे डाग नाही की खाडाखोड नाही. मोठ्या खोलीवर लहान आकडा दिसला म्हणून शंका आली. दुसऱ्या एका खर्चाच्या तक्त्यात 65.40 चं 85.40 झालं होतं. रकमा चढत्या क्रमाने लावलेल्या होत्या, म्हणून तेही पकडता आलं. स्कॅन वाचून मजकूर काढणारी ओसीआर सोय बंद असतानाही हे घडत होतं. म्हणजे यंत्राने अंक चुकीचा वाचला नव्हता, चित्रातला अंकच बदलला होता.

असं का होतं, याचं उत्तर फाइल लहान करण्याच्या पद्धतीत आहे. ए-फोर कागद ३०० डीपीआयला काळा-पांढरा स्कॅन केला, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात, म्हणजे दाबण्याआधीच जवळपास एक एमबी. जेबिग-टू नावाच्या पद्धतीत एक युक्ती आहे. यंत्र पानावरचा प्रत्येक ठसा वेगळा काढतं, एकसारखे दिसणारे ठसे एका गटात घालतं, गटातला एकच ठसा साठवतं आणि बाकीच्या ठिकाणी फक्त ‘इथे तोच लाव’ एवढी नोंद ठेवतं. खिळे जुळवून छपाई करणाऱ्याने एकच खिळा पानभर वापरावा, तसं. पण ‘एकसारखे’ हे यंत्र किती ठिपके जुळले यावरून ठरवतं. 6 म्हणजे सहा हे त्याला ठाऊक नसतं, आणि लिपीही ठाऊक नसते. म्हणून देवनागरी १ आणि ९ यांनाही हाच धोका आहे.

हे अंक जवळून पाहू. सात पॉइंटचा बारीक अंक २०० डीपीआयला जेमतेम १४ ठिपके उंच आणि नऊ-दहा ठिपके रुंद असतो. 6 आणि 8 मधला फरक म्हणजे वरच्या उजव्या बाजूची फट, आणि या मापात ती फट चार-पाच ठिपक्यांची. एकच 8 दोनदा छापला आणि स्कॅन केला, तरी शाई पसरल्यामुळे आणि कागद किंचित सरकल्यामुळे कडेचे तेवढेच ठिपके इकडेतिकडे होतात. यंत्राने ही कडेची गडबड माफ करायची ठरवली, की त्याच माफीत ती फटही जाते. डीपीआय वाढवल्यावर धोका कमी होतो, कारण फटीचं क्षेत्र कडेच्या गडबडीपेक्षा वेगाने वाढतं. पण तो संपत नाही. अंक आणखी बारीक असला की तेच गणित पुन्हा लागू होतं.

‘पण हे क्वचितच होतं’, असं कोणी म्हणेल. मान्य. पण क्वचित होणारी चूक सापडणारी आहे की नाही, हे महत्त्वाचं. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीसाठी असतो, त्यामुळे त्यातला एखादाच अंक बदलला तर हिशेबात तो उघडा पडतो. गट क्रमांकाला असा पहारा नाही. समजा, 166 चा 186 झाला. दोन्ही गट गावात असू शकतात, आणि कागद पाहणाऱ्याला शंका घ्यायला काहीच कारण उरत नाही. क्षेत्राचं तेवढं बरं. आठ-अ वरच्या क्षेत्रांची बेरीज करून एकूण आकड्याशी ताडता येते, आणि ती मी प्रत्येकाला करायला सांगेन. ओसीआरचा मात्र इथे उपयोग नाही, कारण ते बदललेलाच अंक प्रामाणिकपणे वाचतं.

‘कंपनीने दुरुस्ती केली ना?’ हा दुसरा आक्षेप. केली. झेरॉक्सने आधी ही अडचण ‘नॉर्मल’ या दर्जापुरती असल्याचं सांगितलं. क्रीझेलने वरच्या दर्जांतही ती दाखवून दिल्यावर कंपनीने यंत्रांसाठी दुरुस्त सॉफ्टवेअर दिलं. पण दुरुस्ती यंत्रात घातल्याशिवाय लागू होत नाही, आणि आधी घेतलेले स्कॅन तिने सुधारत नाहीत. जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने कागदाऐवजी स्कॅन जपण्याच्या आपल्या नियमांत ठसे जुळवून बदलणाऱ्या पद्धतींवर बंदीच घातली. मला तोच मार्ग बरोबर वाटतो.

तिसरा आक्षेप फाइलच्या आकाराचा आहे आणि तो खरा आहे, कारण ऑनलाइन अर्जांत केबीची मर्यादा असते. पण त्यासाठी ठसे बदलायची गरज नाही. छापील कागद काळा-पांढरा स्कॅन करायचा असेल, तर कॉम्प्रेशनमध्ये CCITT G4 किंवा MMR निवडावं. त्यात ठिपका न ठिपका जसाच्या तसा राहतो आणि साध्या मजकुराचं पान तरीही बरंच लहान होतं. शिक्के, फिकी शाई किंवा हाताने लिहिलेला जुना फेरफार असेल, तर ग्रेस्केल JPEG, ३०० डीपीआय. फाइल मोठी झाली तर JPEG चा दर्जा थोडा उतरवावा. तिथे अंक फिसकटेल, पण फिसकटलेला अंक पाहून माणूस मूळ कागद मागतो. ‘हाय कॉम्प्रेशन’ किंवा ‘कॉम्पॅक्ट पीडीएफ’ टाळावं, कारण आत कोणती पद्धत चालते ते मेनू सांगत नाही. जेबिग-टू स्वतः वाईट नाही, त्यात लॉसलेस प्रकार आहे. पण यंत्र तो स्पष्ट नाव घेऊन देत नसेल, तर G4 च घ्यावं.

हाती असलेली पीडीएफ तपासायची असेल, तर संगणकावर ही आज्ञा द्यावी:

```
pdfimages -list satbara.pdf
```

`enc` या रकान्यात प्रत्येक ओळीत `ccitt` किंवा `jpeg` आलं, तर या फाइलमध्ये जेबिग-टू नाही. पण आधी तसं दाबून मग बदललेली फाइल असेल, तर हे कळणार नाही. एकाही ओळीत `jbig2` आलं तर पान खूप मोठं करून एकाच अंकाच्या पाच-सहा जागा शेजारी ठेवून पाहाव्यात. खऱ्या स्कॅनमध्ये दोन 8 च्या कडा सहसा तंतोतंत सारख्या नसतात. पाच-सहाही जागी त्या हुबेहूब जुळत असतील, तर बहुधा एकच ठसा सगळीकडे लावलेला आहे. लगेच अंक चुकला असं नव्हे, पण ती फाइल मूळ कागदाशी अंकागणिक ताडावीच लागेल.

बदललेला अंक त्या फाइलमधून परत काढता येत नाही, कारण मूळ ठसा साठवलेलाच नसतो. म्हणून स्कॅन झाला की मूळ कागद टाकून द्यायचा निर्णय, कॉम्प्रेशन कोणतं होतं हे कळल्याशिवाय कोणीही घेऊ नये.