‘कमाल’ हा शब्द कापू नये

विमा सल्लागार माझ्याकडे येतात ते बहुधा एकच मागणी घेऊन. हाताशी एखादा लांबलचक लेख असतो. माहिती चांगली असते, पण दीड-दोन हजार शब्द कोणी वाचत नाही. त्यातून आठवडाभर व्हॉट्सॲपवर टाकता येतील अशा छोट्या पोस्ट काढून द्या, एवढंच म्हणणं असतं. काम सोपं वाटतं, आणि लेख प्रवासाचा किंवा पाककृतींचा असता तर ते सोपंच होतं. विम्याच्या लेखात मात्र प्रत्येक सवलतीला एक अट चिकटलेली असते. लेखात ती पुढच्या वाक्यात किंवा पुढच्या परिच्छेदात येते. पोस्ट मात्र एकटीच फिरते. बुधवारची पोस्ट कुणाच्या भाच्याकडे पोचते तेव्हा त्याने मंगळवारची पाहिलेली नसते.

म्हणून मी लेखाचे विषयवार तुकडे आधी पाडत नाही. आधी पेन्सिल घेऊन तीन प्रकारची वाक्यं वेगळी करतो. जी जशीच्या तशी ठेवायची, म्हणजे ‘विमा आग्रहाची विषयवस्तू आहे’ यासारखी वैधानिक विधानं, ती पहिली. दुसरी म्हणजे नियमांची वाक्यं. ती सोपी करता येतात, पण त्यातले काही शब्द हलवता येत नाहीत. बाकीचं सगळं, म्हणजे उदाहरणं, प्रस्तावना आणि समजावणी, माझं. तिथे मी हवी तशी काटछाट करतो. खरी कसोटी दुसऱ्या गटात लागते.

अलीकडचा एक लेख आरोग्य विम्यातल्या प्रतीक्षा काळावर होता. आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा काळ कमाल सलग ३६ महिने, ही विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये घातलेली मर्यादा. त्याआधी ती ४८ महिने होती. यातला ‘कमाल’ हा एक शब्द गेला की वाक्य खोटं होतं, कारण कंपनी याहून कमी काळही ठेवू शकते. ‘सलग’ गेला तरी तेच, कारण नूतनीकरणात खंड न पडता तेवढे महिने भरावे लागतात. पोस्ट आकर्षक करताना नेमके हेच दोन शब्द पहिले उडतात. ते कानाला रुक्ष लागतात ना.

त्यात एक मोठी गंमत आहे. नियमात ३६ महिने दोनदा येतात. आधीपासूनचा आजार कशाला म्हणायचं, या व्याख्येतले ३६ महिने मागे पाहतात: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालं असेल, किंवा डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतले असतील, किंवा सुचवले गेले असतील. प्रतीक्षेचे ३६ महिने पॉलिसीपासून पुढे मोजायचे. लेखात या दोन गोष्टी दोन वेगळ्या परिच्छेदांत होत्या, आणि सल्लागाराची इच्छा होती की सोमवारी व्याख्या, मंगळवारी प्रतीक्षा. मी दोन्ही एकाच पोस्टमध्ये घातल्या, उदाहरणासकट. समजा, आठ वर्षांपूर्वी मधुमेहाचं निदान झालं आणि गोळ्या आजही चालू आहेत. निदान जुनं असलं तरी उपचार चालू आहेत, म्हणजे तो आधीपासूनचा आजार. पॉलिसी १ एप्रिल २०२५ ला सुरू झाली आणि त्या पॉलिसीत पूर्ण ३६ महिन्यांची अट असली, तर नूतनीकरणात खंड पडला नाही तरी ३१ मार्च २०२८ पर्यंत त्या आजाराशी संबंधित खर्च मिळणार नाही. मध्येच २०२७ मध्ये विमा रक्कम पाच लाखांवरून दहा लाख केली, तर वाढलेल्या पाच लाखांसाठी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे शेवटचं वाक्य सल्लागाराला नको होतं. ‘लोक घाबरतील हो,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘रक्कम वाढवायला तुमच्याकडेच येणार आहेत, तेव्हा सांगण्यापेक्षा आताच सांगितलेलं बरं.’

सगळ्यात जास्त वेळ साठ महिन्यांच्या नियमाने खाल्ला. सलग ६० महिने विमा चालू राहिला, की माहिती दिली नव्हती किंवा चुकीची दिली होती या कारणावरून कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. सल्लागाराचा कच्चा मसुदा असा होता: ‘पाच वर्षं झाली की कंपनी क्लेम नाकारूच शकत नाही!’ ऐकायला झकास. पण यात तीन गोष्टी गळल्या. ‘सलग’ गेलं, फसवणुकीचा अपवाद गेला, आणि ज्या कारणांसाठी हे संरक्षण आहे ती कारणंच गेली. पॉलिसीत न बसणारा खर्च पाच वर्षांनीही नाकारला जातोच. उपमर्यादा आणि सहभाग रक्कमही लागू राहतात. शिवाय अशा पोस्टमधून वाचणारा उलटाच अर्थ काढतो: आजार लपवा, पाच वर्षं काढा, सुटलात. म्हणून याच पोस्टमध्ये एक वाक्य जोडलं: प्रस्ताव अर्जातल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्या. पोस्ट नऊ ओळींची झाली. नऊ ओळी जास्त वाटत असतील तर ती पोस्ट टाकूच नये, पण सहा ओळींत बसवायची म्हणून अपवाद गाळू नये.

आणखी एक छोटी बाब. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्याची पोस्ट लिहिताना ‘पूर्ण पैसे परत’ असं कोणीही पटकन लिहून जातं. प्रत्यक्षात तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा होतं.

सल्लागाराला सात पोस्ट हव्या होत्या, मी पाच दिल्या. आठवड्याला दिवस सात असतात म्हणून नियमांचेही सात तुकडे पाडणं मला पटत नाही. वैधानिक ओळी चित्रातच छापल्या, खालच्या मजकुरात ठेवल्या नाहीत. चित्र पुढे पाठवताना खालचा मजकूर मागेच राहण्याची शक्यता असते. प्रत्येक चित्रावर महिना आणि वर्षही टाकलं. नियम बदलतात, पण जुनी पोस्ट फिरतच राहते. २०२४ आधीचे ४८ महिने सांगणारी चित्रं मी आजही पाहतो.

मग पाचही पोस्ट एकत्र विमा कंपनीच्या मंजुरीला गेल्या. ज्या मजकुरातून अखेर विमा विकला जाऊ शकतो ती जाहिरातच, आणि विमा मागायला लावणारी जाहिरात देण्याआधी प्रतिनिधीने कंपनीची लेखी परवानगी घ्यायची असते. ‘ही माहिती आहे, जाहिरात कुठे आहे’ हा वाद मी घालत नाही. शेवटी ‘आजच फोन करा’ लिहिलेलं असतं, मग वाद कसला? एकदा मंजुरी आली की मजकुरात मी स्वल्पविरामही बदलत नाही, आणि सल्लागारांनाही इमोजी घालू देत नाही. ‘एवढं बारीक कोण वाचतं?’ असं ते प्रत्येक वेळी विचारतात. दावा अडकला की सगळे वाचतात.

तुमच्या फोनवर अशी पोस्ट आली, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, की हे पॉलिसीच्या कुठल्या कलमात लिहिलंय? आणि ते कलम स्वतः उघडून वाचा. दावा पॉलिसीच्या कागदावर ठरतो, पोस्टवर नाही.