मऊ पोट

केसपेपरवर मी लिहिलं होतं : ‘पोट मऊ. गार्डिंग नाही. रिबाउंड नाही.’ खाली वेळ, रात्रीचे सव्वाअकरा, आणि माझी सही. सर्जरीतलं माझं ते पहिलं वर्ष.

त्याआधी तीनच आठवडे माझी उलट्या बाजूने फजिती झाली होती. कॉलेजातल्या एका मुलीच्या पोटावर मी गार हात ठेवला, तोही थेट दुखतं तिथेच. तिने पोट आवळून घेतलं आणि मी ते गार्डिंग समजलो. ऑपरेशन झालं, अपेंडिक्स धडधाकट निघालं. सरांनी मग मला कॉटपाशी उभं करून पोट तपासायला शिकवलं. हात चोळून ऊब आण. पेशंटचे गुडघे दुमडून घे. दुखतं तिथून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात कर आणि नजर पोटावर नको, चेहऱ्यावर ठेव. बोलत राहा. भीतीने आवळलेलं पोट श्वास सोडताना सैल पडतं. आतल्या अस्तराला सूज आली असेल तर त्यावरचा स्नायू श्वास सोडतानाही कडकच राहतो, कारण तो पेशंटच्या ताब्यातच नसतो. खरं गार्डिंग ते.

रिबाउंडही त्याच अस्तराचा खेळ. हळूहळू खोल दाबायचं आणि हात झटकन उचलायचा. सुजलेलं अस्तर उसळी घेतं आणि दाबताना दुखलं त्यापेक्षा सोडताना जास्त दुखतं. ब्लूमबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने 1907 मध्ये हे लिहून ठेवलं. मला ते फार आवडायचं. एका झटक्यात हो की नाही, असं उत्तर मिळाल्यासारखं वाटायचं.

तर त्या रात्री सत्तरीच्या एक आजी आल्या. दोन दिवस पोट दुखत होतं. आधी बेंबीभोवती, आता खाली ओटीपोटात. थोडे थोडे चार-पाच जुलाब, लघवीला सारखं जावंसं वाटणं. मी हात गरम केले, गुडघे दुमडले, गावाकडच्या गप्पा मारत मारत चारही कोपरे दाबले. पोट लोण्यासारखं मऊ. झटकन हात उचलला, आजींनी जेमतेम डोळे मिचकावले. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, जीपमध्ये दर खड्ड्याला आई कळवळत होती.” मी म्हणालो, “रस्तेच तसे आहेत आपले.” जुलाबाची केस म्हणून सलाइन लावलं आणि झोपायला गेलो.

सकाळच्या राउंडला नाडी 88 वरून 120 वर गेलेली, जीभ कोरडी, अंगात ताप. आजी म्हणत होत्या, “आता जरा बरं वाटतंय.” सरांनी पोटाला हातही लावला नाही. “आजी, जरा खोका बघू.” आजी खोकल्या आणि दोन्ही हात ओटीपोटावर गेले. सरांनी ग्लोव्ह मागितला, सिस्टरना जवळ बोलावलं आणि गुदद्वारातून बोट घालून तपासलं. आजी ओरडल्या. “काल हे का नाही केलंस?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तेव्हा तोंडातून निघालं नाही. रात्री वॉर्डात एकच सिस्टर होत्या, आजींना संकोच वाटेल असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर संकोच मलाच होता.

पोट उघडलं तेव्हा अपेंडिक्स खाली कटिभागात लोंबत होतं, फुटलेलं, भोवती पू. तिथलं अपेंडिक्स पोटाच्या पुढच्या भिंतीला टेकतच नाही. तिथलं अस्तर शाबूत, म्हणून वरचा स्नायू कडक होत नाही आणि दाबून-सोडून काही कळत नाही. सुजलेलं टोक टेकतं ते गुदाशयाला आणि मूत्राशयाला. आजींचे जुलाब आणि सारखी लघवी तिथून आली होती. त्यात म्हातारपणी स्नायू पातळ. अस्तर सुजलं तरी ते फारसे ताठरत नाहीत. आणि सकाळचं ते ‘बरं वाटणं’? फुगलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला ताण उतरतो, दुखणं काही तास कमी होतं. जखमेत पू झाला, टाके उघडावे लागले. आजी तीन आठवड्यांनी घरी गेल्या.

जीपने सगळ्या रस्ताभर रिबाउंडच करून पाहिला होता. मुलाने मला निकालही सांगितला होता.

झटकन हात सोडणं मी आता जवळजवळ बंद केलंय. बोटांनी हलकी टिचकी आणि एक खोकला यांतून तेवढंच कळतं, आणि पेशंटला कळवळायला लागत नाही. शंका असेल आणि पोट मऊ लागलं, तर चार-सहा तासांनी मीच परत हात लावतो, दुसऱ्याच्या हातावर सोडत नाही.

तुम्ही कुणाला पोटदुखीसाठी घेऊन आलात तर दुखणं आधी कुठे सुरू झालं, आता कुठे आहे आणि खड्ड्यांत गाडी आपटली तेव्हा काय झालं, हे डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा. त्याने रस्त्यांवर विनोद केला, तर पुन्हा सांगा.