राहून गेलेला विभाजक

‘८४ चे सर्व विभाजक लिहा.’ पाचवीच्या या प्रश्नात खरी मेख ‘सर्व’ या शब्दात आहे. मुलाने चुकून ८ लिहिले, तर भागून पाहिल्यावर ४ उरतात आणि चूक सापडते. पण जो विभाजक लिहिलाच नाही, तो वहीत दिसणार कुठून? घरी अम्मी यादी पाहते, प्रत्येक संख्येवर बरोबरची खूण करते आणि वही मिटते. परीक्षेत गुण कापले जातात तेव्हा मूल म्हणते, “माझं काहीच चुकलं नव्हतं!” त्याचे म्हणणे खोटे नसते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची यादी अशी होती: १, २, ४, ७, १२, २१, ४२, ८४. एकही संख्या चुकीची नाही. जोड्याही लागतात: १ आणि ८४, २ आणि ४२, ४ आणि २१, ७ आणि १२. तरीही चार विभाजक राहिले आहेत. मी विचारले, “बेटा, ३ का नाही लिहिला?” ती म्हणाली, “टीचर, शेवटी तर ४ आहे.”

२, ५ आणि १० च्या कसोट्यांत शेवटचा अंक पाहायचा असतो, म्हणून तिने ३ लाही तोच कायदा लावला. ३ साठी अंकांची बेरीज करायची, हे नुसते सांगून तिच्या डोक्यातून ते जाणार नव्हते. म्हणून ८४ खजूर घेतले, असे समजायला सांगितले: दहादहाची आठ पाकिटे आणि वर चार सुटे. प्रत्येक पाकिटातले नऊ खजूर तिघांत सारखे वाटले की एक उरतो. आठ पाकिटांचे आठ उरले, त्यात सुटे चार मिळवले, बारा झाले. बारा तिघांत सारखे वाटले जातात, म्हणून ८४ सुद्धा. आठ आणि चार हे ८४ चेच अंक आहेत, हे तिच्याच लक्षात आले.

त्यानंतर मी वर्कशीट बदलले. ‘विभाजक लिहा’ म्हणून एक लांब रेघ देण्याऐवजी डाव्या रकान्यात १, २, ३, ४ असे सगळे आकडे ओळीने छापले. मुलाने प्रत्येकासमोर जोडीदार लिहायचा, नाहीतर फुली मारायची. रिकामी चौकट ठेवायची नाही. ८४ चे पान असे भरते: १ समोर ८४, २ समोर ४२, ३ समोर २८, ४ समोर २१, ५ ला फुली, ६ समोर १४, ७ समोर १२, ८ ला फुली, ९ ला फुली. आता राहून जाणारी संख्या रिकाम्या चौकटीच्या रूपाने डोळ्यांसमोर येते.

थांबायचे कुठे? ९ नवे ८१ आणि १० दाहे १००. म्हणजे ८४ साठी ९ च्या पुढे जायला नको. १० किंवा त्याहून मोठ्या विभाजकाचा जोडीदार ९ पेक्षा लहानच असणार, आणि ते सारे आपण तपासून झालो. हे कळले नाही तर काही मुले थेट ४२ पर्यंत भागाकार करत बसतात, आणि कंटाळून मध्येच सोडून देतात.

घरी तपासणाऱ्यांसाठी एक युक्ती. यादीत १२ असेल तर १२ चे स्वतःचे विभाजक, म्हणजे १, २, ३, ४, ६, हेही यादीत असलेच पाहिजेत. वरच्या यादीत ३ आणि ६ नाहीत, हे यावरून लगेच पकडले जाते. त्यांचे जोडीदार २८ आणि १४ मग आपोआप मिळतात. मात्र उलट दिशेने जपून जावे. २ आणि ३ ने भाग गेला तर ६ ने जातोच, पण २ आणि ४ ने गेला म्हणून ८ ने जाईलच असे नाही. ८४ हेच त्याचे उदाहरण आहे. विभाजक मोजून पाहण्याचाही थोडा उपयोग आहे. त्यांची संख्या विषम आली, तर मूळ संख्या ३६ सारखी वर्गसंख्या असली पाहिजे, कारण तिथे ६ चा जोडीदार ६ च असतो. नाहीतर एखादा नक्की राहिला. सम आली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. त्या मुलीचे आठ होते.

पानावर शेवटची संख्या मी ९१ ठेवते. २, ३ आणि ५ ला फुली पडली की मुले तिला मूळ संख्या म्हणून मोकळी होतात. ७ ला पाचवीत वापरण्याजोगी सोपी कसोटी नाही आणि पाठ केलेला पाढा ७० वर संपतो. मी म्हणते, पाढा संपला तिथून पुढे चला: ९१ मधून ७० काढा, २१ उरले, ते सात त्रिक. दहा आणि तीन, तेरा. ७ समोरच्या चौकटीत १३ लिहा.