आकडेवारीत न दिसणारं गिऱ्हाईक

साइट कोणकोणत्या ब्राउझरवर तपासायची, याचं आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर असं: अ‍ॅनालिटिक्स उघडायचं, एक टक्क्याच्या वरचे ब्राउझर घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायचे. माझा या पद्धतीवर अर्धाच विश्वास आहे. का, ते विरारच्या एका घरगुती फराळाच्या साइटवरून सांगतो.

त्या ताईंची तक्रार होती की काही बायका फोन करून म्हणतात, ‘बटण दाबलं तरी काहीच होत नाही.’ अ‍ॅनालिटिक्समध्ये सगळं आलबेल होतं. जुना आयफोन तर एकही नव्हता. मग होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचा लॉग मागवला. त्यात `iPhone OS 12_5_7` अशी नोंद वारंवार दिसली. पान उघडलेलं, पण पुढे ऑर्डर नाही. आयफोन ६ ला आयओएस १२ च्या पुढचं अपडेटच मिळत नाही, आणि मुलांनी नवा घेतला की असे फोन आईकडे जातात. फराळ मागवणाऱ्या नेमक्या त्याच.

साइटच्या कोडमध्ये `?.` हे चिन्ह होतं. आयफोनच्या सफारीला ते २०२० मध्ये, आयओएस १३.४ पासून समजू लागलं. त्याआधीचा सफारी या चिन्हाशी अडला की अख्खी फाइलच टाकून देतो. अ‍ॅनालिटिक्सचा कोड त्याच फाइलमध्ये होता. म्हणजे ज्याची ऑर्डर अडली, त्याची मोजणीही अडली! क्रोम वापरून बघा, असं सांगूनही भागत नाही, कारण आपल्याकडच्या आयफोनवर क्रोमच्या आतही सफारीचंच वेबकिट इंजिन असतं. लॉगमध्ये `CriOS` दिसलं तर ते सफारीच्या खात्यात धरावं.

यादीत एवढी भर घातली आणि बेबेलकडून कोड पुन्हा तयार करून घेतला:

```
"browserslist": ["> 1% in IN", "iOS >= 12"]
```

ऑर्डर जाऊ लागली, पण चकली, शेव, करंजीची बटणं एकमेकांना चिकटली. फ्लेक्समधलं `gap` सफारीत २०२१ मध्ये, १४.१ पासून आलं, आणि बेबेल सीएसएसला हात लावत नाही. `@supports (gap: 1rem)` विचारलं तर जुना सफारी ‘हो’ म्हणतो, कारण ग्रिडमधलं `gap` त्याला येतं. मुकाट्याने `margin` वापरलं. सावल्या मात्र सारख्या दिसाव्यात म्हणून मी वेळ घालवला नाही. ऑर्डर सगळीकडे गेली पाहिजे, नटणंमुरडणं ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे.

ही तपासणी खऱ्या फोनवरच करावी. संगणकावरच्या क्रोममध्ये ‘आयफोन’ निवडला की पडद्याचा आकार बदलतो, पण इंजिन क्रोमचंच राहतं. आणि यादी ठरवण्याआधी सर्व्हरचा लॉग मागून घ्या. बरेच होस्टिंगवाले तो थोड्या दिवसांत पुसून टाकतात.